गरम म्हणजे किती गरम

आमच्या कारखान्याच्या खोक्यावर स्टीलची बाटली छापलेली होती, बाटलीतून वाफ निघत होती आणि वाफेच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चोवीस तास गरम'. चित्रातल्या बाटलीचं झाकण घट्ट बंद होतं. बंद झाकणातून वाफ निघत असेल तर बाटली खराब आहे, एवढं मी कामावर लागल्या लागल्या सांगून टाकलं. त्यावर मला उत्तर मिळालं की, मॅडम, ते चित्र आहे. मग खालचं वाक्य काय आहे, असं मी विचारलं. ते पण तसंच समजा, असं शेठ म्हणाले. माणूस प्रामाणिक होता असं म्हणायला हरकत नाही.

कारखाना रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत होता आणि मी पेणहून, सासरहून, रोज जायची. माल तपासणं हे माझं काम. दुहेरी भिंतीची बाटली आमच्याकडे बनायची, भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली असायची आणि ती हवा नसणं हाच सगळा धंदा होता. हवा नसली की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही, फक्त झाकणातून तेवढी निसटते. तपासायची पहिली रीत अगदी सोपी. बाटलीत उकळतं पाणी घालायचं, थोडं थांबायचं आणि बाहेरून हात लावायचा. बाहेरून गरम लागली तर आत हवा शिरली, बाटली बाद. तपासणीवरच्या आमच्या मुली हे काम डोळे मिटून करायच्या. पण 'ही बाटली चांगली आहे' आणि 'ही बाटली चोवीस तास गरम ठेवते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसऱ्या वाक्याखाली सही माझी लागणार होती.

चोवीस हा आकडा कुठून आला, हे मी शोधून काढलं. मला वाटलं होतं कुणीतरी मोजलं असेल. भाबडेपणा. मार्केटिंगचे एक साहेब ठाण्याहून यायचे. अंगाला अत्तराचा इतका वास की ते गेटवर आले की आम्हाला आत कळायचं. दुसऱ्या एका कंपनीच्या खोक्यावर त्यांनी अठरा पाहिलं होतं, म्हणून आपले चोवीस. दिवसाला तीस तास असते तर त्यांनी तीस लिहिले असते. मी विचारलं, "गरम म्हणजे किती गरम?" ते म्हणाले, "गरम म्हणजे गरम, मॅडम. कस्टमरला गरम कळतं." मी म्हटलं, अंशांत सांगा. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या लग्नातला मेनू विचारला होता.

त्यात खोटं सापडणं कठीण, हीच तर मेख. माझ्या अंगाचं तापमान साधारण सदतीस अंश. थंड खोलीतल्या पाण्यापेक्षा मीही गरमच आहे, आणि चोवीस तास आहे. मला खोक्यात घालून विकलं असतं तरी शेठचा दावा खरा ठरला असता.

तरी चाचणी होते, असं शेठ छातीठोकपणे सांगायचे. एकदा मी ती चाचणी बघायला गेले. बाटल्यांवर रंगाची पूड मारून त्या ज्या भट्टीत भाजतात, त्या भट्टीच्या मागे एक कोपरा होता. तिथे पंखा नाही, खिडकी नाही, वारा म्हणून नाही. चाचणीला वारा लागता कामा नये हे शेठनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते बरोबरही आहे. म्हणून त्यांनी कारखान्यातला सगळ्यात निवांत कोपरा निवडला. फक्त भट्टी दिवसरात्र चालू असायची, आणि त्या कोपऱ्यात माणूस पाच मिनिटं उभा राहिला तरी घामानं निथळायचा. तिथे ठेवलेली बाटली गार होणार तरी कशी? बाहेरच इतकं तापलेलं, की आतल्या पाण्यानं उष्णता द्यायची कुणाला? दुसऱ्या दिवशी उघडली तर अजून बोट पोळेल इतकं पाणी. शेठ बोट बुडवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा." त्या कोपऱ्यात माझं डोकंसुद्धा चोवीस तास गरम राहिलं असतं.

आणि बाटली कुठली? तीच. एकच. निळ्या रंगाची, बुडाला पोचा आलेली. कधीतरी एक बाटली अशी जमून गेली होती की तिच्यासारखी पुन्हा झाली नाही, आणि शेठनी ती कपाटात कुलूपबंद ठेवली होती. चाचणी असली की तिला बाहेर काढायची, पाहुणे आले की तिला बाहेर काढायची. ती कारखान्यात माझ्यापेक्षा सीनियर होती आणि तिला माझ्यापेक्षा मान होता.

मी माझी वेगळी चाचणी लावली. आमच्या स्टोअररूमला जाड भिंती होत्या आणि ऊन यायचं नाही. तिथे एक टेबल लावलं, भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगला. पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात धरून बघितला, कारण खोटं बोलणारा थर्मामीटर हा शेठपेक्षाही वाईट. तयार मालातून, मुलींना न सांगता, हाताला लागतील त्या बाटल्या उचलल्या. सगळ्या सारख्याच भरल्या, पंचाण्णव अंशांवर झाकणं लावली आणि मधे एकदाही उघडायचं नाही म्हणून खोलीला कुलूप लावलं. सहा, आठ, बारा आणि चोवीस तासांसाठी बाटल्या वेगवेगळ्या, एकदा उघडलेली पुन्हा मोजायची नाही. खोली अठ्ठावीस अंशांच्या आसपास. सहा तासांनी बऱ्याचशा सदुसष्टला होत्या. बारा तासांनी एक्कावन्न. आणि चोवीस तासांनी छत्तीस. म्हणजे मी.

खरं सांगते, ती बाटली वाईट नव्हतीच. अर्ध्या लिटरच्या बाटलीनं सहा तास पाणी सदुसष्टला धरून ठेवावं, हे चांगलंच काम आहे. एवढ्या चांगल्या वस्तूवर एवढं मोठं खोटं का छापायचं, हे मला कधीच कळलं नाही. आपल्याकडे गोऱ्या मुलीच्या फोटोलासुद्धा पावडर लावून पाठवतात, तसंच.

मग एक पत्र आलं. नागोठण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला आपल्या शिफ्टच्या कामगारांना बाटल्या द्यायच्या होत्या. ऑर्डर एवढी मोठी की शेठ दोन दिवस हळू आवाजात बोलायला लागले. कंपनीची अट एकच. खोक्यावर जे लिहिलंय ते कशाच्या आधारावर लिहिलंय, हे माल तपासणाऱ्याच्या सहीनं लेखी द्या.

शेठनी मला बोलावलं, चहा मागवला. शेठनी चहा मागवला की समजायचं, काहीतरी आहे.

"मॅडम, एक सही हवी."

"सहा तासांवर देते. आत्ता देते."

"चोवीसवर."

"चोवीसवर नाही होणार."

शेठनी चहा संपवला, कप बाजूला सारला आणि अगदी प्रेमानं म्हणाले की ऑर्डर गेली तर माणसं कमी करावी लागतील, आणि सुरुवात कुठून करायची ते त्यांना ठरवावं लागेल. दम देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या गोड आवाजात दम देणारा तो एकच.

माझी नोकरी जाणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. बाबा मिठागरात. त्यांचे वडील मिठागरात. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली, आणि बाबांनी हे गावात इतक्या लोकांना सांगितलं होतं की बांधावरच्या बगळ्यांनाही माहीत असावं. 'माजी पोर कंपनीत सही करतं,' असं ते म्हणायचे. सही. पगार किती, काम काय, यातलं काही नाही. सही. आता ती सही एकतर खोट्या कागदावर जाणार होती, नाहीतर कायमची बंद होणार होती.

तेव्हा मार्केटिंगचे साहेब मधे पडले. त्यांनी तोडगा काढला की चाचणी राहू द्या, वापरणाऱ्या लोकांची मतं घेऊ. खऱ्या माणसांनी खऱ्या कामावर बाटली वापरायची आणि काय वाटलं ते सांगायचं. कंपनीला ते जास्त पटेल. शेठना हे आवडलं. आणि मला तर फारच आवडलं, कारण मला लगेच सुचलं की लोक कुठले निवडायचे.

आमचे मिठागरातले लोक. जगात त्यांच्यासारखे तक्रारखोर लोक नाहीत. भरती आली तर उशिरा आली, ऊन पडलं तर जास्त पडलं, मीठ पिकलं तर बारीक पिकलं. लग्नात जेवून उठताना आमटीत मीठ कमी म्हणणारी ही माणसं, आणि त्यात चूक नाही, कारण मिठातलं त्यांनाच कळतं. मी मनात म्हटलं, ही माणसं त्या चोवीस तासांची सालटी काढतील. मी बाटल्या घेऊन गावाला गेले. बाबांना एक, शेजारच्या काकूला एक आणि बांधावर काम करणाऱ्या बाकीच्यांना. पहाटे कोरा चहा भरून न्यायचा, दिवसभर लागेल तसा प्यायचा आणि संध्याकाळी कसा होता ते सांगायचं. एवढंच काम.

पंधरवड्यानं मी मतं गोळा करायला गेले. शेजारच्या काकूनं सांगितलं, "संध्याकाळपर्यंत चटका बसतो गो." दुसऱ्यानं सांगितलं की घरी परत आणला तरी वाफ येते. एकजण म्हणाला की दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला प्यायला तर जीभ पोळली. आणि बाबा. बाबा म्हणाले, "असा गरम चहा मी उभ्या जन्मात नाय प्यायलो."

मी बसलेच.

मार्केटिंगच्या साहेबांना तर आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी बाबांचं वाक्य पत्रकावर छापलं, बाजूला मिठाच्या ढिगाचं चित्र. शेठनी ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, आता तुमचे वडीलसुद्धा म्हणतात." त्यावर मी काय बोलणार? थर्मामीटर म्हणतो तर मी थर्मामीटरची बाजू घेऊ शकते, पण माझ्या बापाला खोटारडा म्हणायचं कसं?

पुढच्या सुट्टीला मी थर्मामीटर पिशवीत घालून सरळ मिठागरावर गेले. दुपार उलटली होती. बायका मीठ ओढून ढीग लावत होत्या, माणसं वाफ्यांत पाणी सोडत होती. मी बाबांची बाटली उचलली, उघडली, थर्मामीटर घातला. चाळीस. त्यात नवल नाही. पहाटे चहा ओतताना बाटली आधी गरम पाण्यानं तापवलेली नाही, चहा पातेल्यातून ओतेपर्यंत निम्मा निवलेला, मग दिवसभर दहा वेळा झाकण उघडलेलं, अर्धी बाटली रिकामी. स्टोअररूममधल्या माझ्या लाडावलेल्या बाटल्यांपेक्षा याचं कमी येणारच. खरी वापराची गोष्ट ही, आणि हीच कुणी सांगत नव्हतं.

मी काकूची बाटली उघडली. तेवढाच. मी म्हटलं, "काकू, हा गार झालाय."

"नाय गो, गरम हाय."

"काकू, हे बघा, हा काटा."

काकूनं काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं फावडं बांधाला टेकवलं आणि मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. "पोरीनं माहेरी काय आणलं तर त्याला नावं ठेवू व्हय? तू येवढ्या लांबून घेऊन आलीस. आमी काय म्हणणार, थंड हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याबरोबर संतापही आला. आमच्याकडे माहेरवाशिणीनं आणलेल्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. तिनं आंबट बोरं आणली तरी गोड लागतात. हे मला माहीत होतं. मी स्वतः माझ्या चुलत बहिणीनं आणलेली, भोकं पडलेली चादर 'मऊ आहे' म्हणून वर्षभर अंथरली होती. आणि तरीसुद्धा मी ह्याच गावात, माझ्याच हातानं बाटल्या वाटल्या आणि खरं ऐकायची अपेक्षा केली. शेठनी बाटली भट्टीमागे ठेवली होती. मी बाटल्या माहेरी ठेवल्या. जास्त ऊब कुठे, तुम्हीच ठरवा.

बाबा बांधावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. पत्रक दाखवलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणता गरम आहे, म्हणून मला खोटी सही करावी लागेल. नाहीतर नोकरी जाईल." मला वाटलं आता म्हणतील, थंडच असतो. बाबांनी त्या चाळीस अंशांच्या चहाचा एक घोट घेतला, खाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "मला गरमच लागतो गो." मी चिडून उठले आणि एसटी पकडून पेणला आले. रस्ताभर मनात त्यांच्याशी भांडत होते.

शेठनी सहीसाठी मला आठवडा दिला. त्याच आठवड्यात कंपनीचे खरेदी अधिकारी कारखाना बघायला आले. थोडं बोलणारा, जाड चष्म्याचा माणूस. शेठनी त्यांना निळी बाटली दाखवली, भट्टीमागचा कोपरा दाखवला. तिथून घाम पुसत बाहेर आल्यावर अधिकारी म्हणाले, "आत बाटलीची चाचणी होते की माणसांची?" मग त्यांनी पत्रक वाचलं. "हे मिठागरवाले कुठले?"

"इथलेच, पेणचे," शेठ म्हणाले. "आणि हे वाक्य म्हणणारे आमच्या मॅडमचे वडील," हेसुद्धा सांगून टाकलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग त्यांना भेटू या."

शेठच्या गाडीतून आम्ही निघालो. निडीचं रेल्वे फाटक लागलेलं, नागोठण्याला ट्रकांची रांग, गडब गावाशी मार्केटिंगच्या साहेबांना भूक लागली म्हणून वडापाव. सगळा रस्ताभर शेठ बोलत होते. बाबा काय म्हणणार हे मला पाठ होतं. 'उभ्या जन्मात नाय प्यायलो.' आणि त्यानंतर एक तर माझी सही, नाहीतर माझा राजीनामा.

मिठागरावर पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाबा अनवाणी, पायाला मिठाची पांढरी खपली. एवढे साहेब लोक बघून ते उभे राहिले आणि टोपी सारखी केली. अधिकाऱ्यांनी त्यांच्याच बाटलीतला चहा मागितला. बाबांनी झाकणात ओतला. अधिकाऱ्यांनी घोट घेतला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, चांगला माणूस.

"आजोबा, हा गरम आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते, चपलेला चिकटलेल्या चिखलाकडे.

"मला गरम लागतो," बाबा म्हणाले. शेठ खुलले. "पण साहेब, मला लागतो कारण ही बाटली माज्या लेकीनं आणलीय. तुमच्या माणसांना त्यांच्या लेकीनं आणलेली नसंल. त्यांना सकाळी चटका बसंल, दुपारी बरा लागंल, आणि या वक्ताला त्यांना हा थंडच लागणार."

शेठ कसंनुसं हसले. मार्केटिंगचे साहेब अचानक बगळे बघायला लागले. मी वर बघितलं तर बाबांची मान खाली होती, लाजल्यासारखी, जणू त्यांनी मला चारचौघांत नावं ठेवली होती. त्यांच्या हिशेबानं ठेवलीच होती. लेकीनं आणलेल्या वस्तूला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थंड म्हटलं, तेही परक्या माणसांसमोर, आणि ते माझ्यासाठी. मला रडू आलं. शेठसमोर रडायचं नाही म्हणून मी बाटलीचं झाकण लावत बसले.

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडे काही खरं आहे का?"

मी पिशवीतून माझ्या चाचणीचा कागद काढला. खोली किती अंश, पाणी किती अंशांवर बंद केलं, बाटली किती लिटरची, सगळ्यात कमी आलेली बाटली कुठली, आणि मधे न उघडता. आठ तासांनी सगळ्यात वाईट बाटलीसुद्धा सत्तावन्नला होती. अधिकाऱ्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मग शेठना विचारलं, "आमची शिफ्ट आठ तासांची. चोवीस तास चहा कोण पिणार होतं?"

शेठ खिशात रुमाल शोधायला लागले. महिनाभर ज्या सोळा तासांसाठी आम्ही एकमेकांचा जीव खाल्ला, ते सोळा तास कुणाला नकोच होते.

ऑर्डर मिळाली. मोठी नव्हती तेवढी, पण मिळाली. खोक्यावर आता बारीक अक्षरांत सगळं छापलं जातं, पाणी किती अंशांचं, खोली किती अंशांची, आठ तासांनी पंचावन्नच्या खाली नाही, झाकण वारंवार उघडलं तर लवकर निवेल. मार्केटिंगच्या साहेबांच्या मते हे खोक्यावर नाही, औषधाच्या बाटलीवर शोभतं. शेठ मात्र आलेल्या प्रत्येक माणसाला सांगतात की आपण सुरुवातीपासून खरं छापणारे. निळी बाटली अजून कपाटात आहे. चित्रातली वाफसुद्धा तशीच आहे, झाकण बंद, कारण ते चित्र आहे.

ह्या सगळ्याला बरीच वर्षं झाली. बाबा मधे आजारी पडले. पोटाचं होतं, बरंच पसरलेलं. पेणच्या दवाखान्यात ठेवलं होतं, मी कारखान्यातून सुटले की तिथे जायची. त्यांच्यासाठी चहा न्यायची, त्याच बाटलीतून, आता नीट तापवून भरलेली. खाटेशेजारी बसायची आणि विचारायची, "बाबा, दुखतंय का?"

"नाय गो. जरापण नाय."

रोज हेच. डॉक्टर विचारायचे, मी खाटेच्या कडेला उभी, बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, नाय, बरं हाय. डॉक्टर तेच लिहून घ्यायचे आणि औषध तेवढंच ठेवायचे. एके दिवशी तो आवाज माझ्या कानात नीट शिरला. बांधावरचा आवाज. 'मला गरमच लागतो गो.'

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मी इथे असले की ते खरं सांगणार नाहीत. मी बाहेर जाते, मग विचारा." डॉक्टरांना ते विचित्र वाटलं असणार, पण ते हो म्हणाले. मी बाटली उचलली, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं. दार जुनं होतं, फटीतून सगळं ऐकू यायचं.

"आजोबा, दुखतंय का?"

मग बाबांनी हळूच विचारलं, "पोर गेली का?"

"गेली."

"लय दुखतंय साहेब," बाबा म्हणाले. "लय."